लिफ्ट बदलायला ४१ लाख कुठून आणायचे? सिंकिंग फंडाचा हिशोब, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

सोसायटीचा खजिनदार झालात की पहिल्या महिन्यात पाणीपट्टी, वॉचमनचा पगार आणि थकबाकीदारांची यादी एवढंच समोर येतं. सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा पैसा, ही बिलातली एक छोटीशी ओळ असते, दीड-दोनशे रुपयांची. तिच्याकडे कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. मग एका वार्षिक सभेत एका काकांनी विचारलं, "लिफ्ट बदलायची वेळ आली तर पैसे आहेत का हो आपल्याकडे?" मी ताळेबंद उघडून म्हणालो, "दहा लाख आहेत." ते माझं उत्तर दोन ठिकाणी चुकीचं होतं, आणि ते कसं चुकलं हे कळायला मला तीन रविवार लागले.

हा लेख महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेसाठी आहे. उदाहरण एकच घेतो आणि शेवटपर्यंत तेच चालवतो. ठाण्यातली आमची १६ वर्षं जुनी इमारत. खाली स्टिल्ट पार्किंग, वर ७ मजले, मजल्याला ४ फ्लॅट म्हणजे एकूण २८. त्यातले १४ फ्लॅट ६०० चौरस फुटांचे, १४ फ्लॅट ९०० चौरस फुटांचे. मिळून २१,००० चौरस फूट. लिफ्ट दोन.

आधी उपविधी काय म्हणतात ते

आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांमध्ये, दुरुस्तीसाठी तीन वेगवेगळ्या थैल्या सांगितल्या आहेत आणि लोक त्या एकमेकांत मिसळतात. पहिली दुरुस्ती व देखभाल निधीची: बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दरसाल, नेहमीच्या दुरुस्त्यांसाठी. दुसरी सिंकिंग फंडाची: बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के दरसाल, त्यात जमिनीची किंमत धरायची नाही. तिसरी मोठ्या दुरुस्तीच्या निधीची. तिला ठरलेला टक्का नाही. गरज पडेल तेव्हा सर्वसाधारण सभा क्षेत्रफळावर दर ठरवते.

यातला "किमान" हा शब्द ठळक करून वाचा. आमची इमारत झाली तेव्हा बांधकाम खर्च चौरस फुटाला १,२०० रुपये धरला होता. २१,००० फुटांचे २ कोटी ५२ लाख, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे वर्षाला ६३,००० रुपये. लहान फ्लॅटला महिन्याला १५०, मोठ्याला २२५. गेली १६ वर्षं हाच आकडा चाललाय, कारण तो इमारत बांधली त्या वेळच्या खर्चावर बसवलेला आहे. सिमेंट, मजुरी, लिफ्ट सगळं महागलं, ही ओळ मात्र जागची हलली नाही. सभेला तो वाढवायचा अधिकार आहे. बहुतेक सोसायट्यांमध्ये तसा विषय पत्रिकेवर येतच नाही, एवढंच.

आणखी एक बारकावा. सिंकिंग फंड कशासाठी वापरायचा हेही उपविधींत लिहिलंय: इमारतीची पुनर्बांधणी, आर्किटेक्टच्या मते इमारत मजबूत करायला लागणारे संरचनात्मक बदल, किंवा आर्किटेक्टने प्रमाणित केलेल्या मोठ्या दुरुस्त्या. तेही सभेच्या ठरावानेच. लिफ्ट बदलणं या व्याख्येत नीट बसतं की नाही यावर ऑडिटरागणिक मत बदलतं. वाद नको असेल तर सिंकिंग फंड उपविधीप्रमाणे चालू ठेवा आणि लिफ्टसाठीची जास्तीची वर्गणी मोठ्या दुरुस्तीच्या निधीत, स्वतंत्र ठरावाने घ्या. खाली मी हिशोबापुरते दोन्ही एकत्र धरतोय, पण पावतीवर आणि खातेवहीत ते वेगळे राहायला हवेत.

पायरी १: फंड खरंच आहे का ते बघा

माझी पहिली चूक इथे होती. ताळेबंदाच्या देणी बाजूला सिंकिंग फंड लिहिलेला असतो: १०,०८,००० रुपये, म्हणजे १६ वर्षं गुणिले ६३,०००. हा नुसता हिशोबाचा आकडा आहे. पैसे कुठे आहेत ते समोरच्या मालमत्ता बाजूला, गुंतवणुकीखाली शोधायचं. तिथे सिंकिंग फंडाच्या नावाने असलेल्या मुदत ठेवींची बेरीज ८ लाख ६० हजार निघाली. उरलेले १ लाख ४८ हजार कधीतरी वॉचमनच्या पगारात आणि पाण्याच्या टँकरमध्ये गेले होते. मधली काही वर्षं थकबाकी जास्त होती, रोजचा खर्च भागवायला ठेव मोडली आणि ती परत कुणी भरली नाही. कुणी खाल्ले नाहीत. पण लिफ्टसाठी ते आता नाहीत.

दुसरी चूक व्याजाची. १६ वर्षं वर्षाला ६३,००० साठले आणि साधारण साडेसहा टक्क्यांनी व्याजासकट वाढत गेले, तर आज १६ लाख ८५ हजारांच्या आसपास हवे होते. आमच्याकडे व्याज दरवर्षी उत्पन्न-खर्च पत्रकात जमा होत होतं आणि मेंटेनन्स कमी ठेवायला वापरलं जात होतं. मेंटेनन्स वाढवला नाही म्हणून आधीच्या कमिटीचं कौतुक व्हायचं, ते या व्याजाच्या जोरावर. म्हणून शेवटच्या पाच वर्षांचे ताळेबंद घ्या, दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी लिहा आणि व्याज कुठल्या खात्यात गेलं ते बघा. एका संध्याकाळचं काम आहे. पुढच्या हिशोबात ठेवींचा आकडाच धरायचा, फंडाचा नाही.

पायरी २: काय, कधी, आजच्या भावात कितीला

यादी लांबवू नका. पंपाचं वाइंडिंग, जिन्यातले दिवे, लिफ्टचे दोर ही सगळी नेहमीच्या दुरुस्तीची कामं, ती पहिल्या थैलीतून. या यादीत फक्त तीच कामं घ्या जी एका वर्षाच्या मेंटेनन्समधून होणं शक्यच नाही. आमच्याकडे अशी दोन निघाली.

पहिलं लिफ्टचं. प्रवासी लिफ्ट साधारण २० ते २५ वर्षं चांगली चालते. पण वय हे एकच माप नाही. एएमसीवाल्याच्या, म्हणजे लिफ्टच्या वार्षिक देखभालीचा ठेका असलेल्या कंपनीच्या, भेटींचे कागद काढा आणि दोन-तीन वर्षांत काय-काय बदललं ते बघा. केबिन मजल्याच्या पातळीला न थांबता एखादा इंच वर-खाली थांबू लागली, गिअर बॉक्समधून तेल गळतंय, ब्रेक वारंवार अॅडजस्ट करावा लागतोय, ही सगळी म्हातारपणाची लक्षणं. सगळ्यात मोठं लक्षण कागदावर दिसतं: "कंट्रोलरचं हे कार्ड आता मिळत नाही, जुनं दुरुस्त करून लावलंय." असा शेरा दोनदा आला की घड्याळ चालू झालं समजा. मात्र कंपनीच्या माणसाने "आता बदलाच" म्हटलं म्हणून लगेच मान डोलवू नका, त्याला नवी लिफ्ट विकायचीही असते. दुसऱ्या कंपनीच्या किंवा स्वतंत्र लिफ्ट सल्लागाराच्या तपासणीचे पैसे द्या. गाइड रेल आणि काउंटरवेट ठेवून फक्त मशीन, कंट्रोलर आणि दरवाजे बदलता येतात का, हेही त्याला विचारा. चालत असेल तर खर्च बराच खाली येतो.

आमच्या तपासणीत उत्तर आलं: अजून ८ वर्षं, मग दोन्ही पूर्ण बदला.

कोटेशन वाचताना नवखा माणूस हमखास फसतो, कारण मोठ्या अक्षरात लिहिलेली किंमत ही फक्त लिफ्टची असते. आमचं असं होतं: एका लिफ्टचे ९ लाख ५० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १ लाख ७१ हजार. दरवाज्यांच्या भोवतालचं तोडफोड-प्लास्टर-लाद्यांचं काम, नवं इलेक्ट्रिक पॅनेल आणि केबल मिळून १ लाख ३० हजार, हे कोटेशनमध्ये "सोसायटीच्या कक्षेत" अशा दोन शब्दांत उरकलेलं. परवानगी-परवान्याची धावपळ आणि अचानक निघणारं काम धरून ४९ हजार. बेरीज १३ लाख. दोन लिफ्टचे २६ लाख. जुन्या लिफ्टच्या भंगाराचे काही हजार मिळतील ते मी धरले नाहीत, मिळाले तर चहा-भजी.

दुसरं काम बाहेरच्या भिंतींचं: भेगा, पोकळ झालेलं प्लास्टर, काही खांब-तुळयांची दुरुस्ती, रंग आणि त्याच परांचीवर उरकायचं गच्चीचं वॉटरप्रूफिंग. इमारत १५ वर्षांपुढे गेली की उपविधींप्रमाणे दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं, ३० वर्षांनंतर दर ३ वर्षांनी. आमचं पहिलं ऑडिट नुकतंच झालं होतं, त्यामुळे आकडा अंदाजपंचे नव्हता. आर्किटेक्टने २२ लाख सांगितले आणि ५ वर्षांत करा म्हणाले. यात त्यांनी दहा टक्के जास्तीचे धरले होते. कारण प्लास्टर फोडल्याशिवाय आतली सळई किती गंजलीय ते कळत नाही, आणि फोडल्यावर काम वाढतं. कमी झाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर ही पायरी इथेच थांबते. चार वर्षांत पाडायच्या इमारतीत नवी लिफ्ट कुणी बसवत नाही.

पायरी ३: आजची किंमत त्या वर्षात नेऊन ठेवा

२६ लाख आजचे आहेत. पैसे ८ वर्षांनी द्यायचेत. भाववाढ मी ६ टक्के धरली. ८ वर्षांत ६ टक्क्यांनी रक्कम १.५९४ पट होते, म्हणून लिफ्टचे ४१ लाख ४४ हजार. बाहेरच्या कामाला ५ वर्षं, १.३३८ पट, म्हणजे २९ लाख ४४ हजार.

व्याजही मी ६ टक्केच धरलं, थोडं हात राखून. ठेवीचा दर आज जास्त असेल, पण व्याजावर कर किती लागतो ते तुमच्या सीएला विचारून, कर वजा जाता हातात येईल तोच दर वापरा.

भाववाढ आणि व्याज सारखंच धरलं की एक सोपा ठोकताळा मिळतो. वर्गणी दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढवायची तयारी असेल, तर आजच्या भावातली तूट सरळ वर्षांनी भागायची. लिफ्टसाठी ४ लाख बाजूला धरले तर तूट २२ लाख, ८ वर्षांत वर्षाला पावणेतीन लाख, आजच्या भावात. कमिटीच्या बैठकीत कागदाच्या पाठीमागे करून दाखवायला हे पुरेसं आहे. पण "दरवर्षी वाढणार" हे वाक्य सभेत ऐकवणं अवघड असतं, म्हणून बहुतेक ठिकाणी एकच दर ८ वर्षं ठेवायचं ठरतं. त्यासाठी एक्सेलमध्ये एक ओळ:

```
=PMT(6%,8,-400000,4144000)
```

६ टक्के दर, ८ वर्षं, आज हाताशी ४ लाख, शेवटी हवेत ४१ लाख ४४ हजार. उत्तर उणे चिन्हासह सुमारे ३ लाख ५४ हजार येतं. उणे म्हणजे आपण भरायचे, घाबरू नका.

पायरी ४: दोन कामं एका हंड्यात

बाहेरच्या कामाचाही असाच वेगळा हिशोब केला (त्यासाठी उरलेले ४ लाख ६० हजार हाताशी) तर वर्षाला ४ लाख १३ हजार लागतात. दोन्हींची बेरीज ७ लाख ६७ हजार. पहिली ५ वर्षं हे भरायचे, मग पुढची ३ वर्षं साडेतीन लाख. म्हणजे आधी डोंगर आणि नंतर उतार. ही रचना सभेत टिकत नाही, आणि तशी करायची गरजही नाही.

दोन्ही कामांचा पैसा हिशोबात एकत्र ठेवला तर आठही वर्षं एकच रक्कम चालते का, हे बघायला शीट उघडा. प्रत्येक वर्षाला एक ओळ. B रकान्यात मागची शिल्लक, C मध्ये वर्गणी, D मध्ये खर्च. मागची शिल्लक, त्यावर ६ टक्के, अधिक वर्गणी, वजा खर्च:

```
=B2*1.06+C2-D2
```

वर्गणीचा आकडा खाली-वर करत राहा, जोपर्यंत कुठल्याही वर्षी शिल्लक शून्याखाली जात नाही. आमचं उत्तर वर्षाला ६ लाख ३५ हजारांवर आलं. लाखांत असं दिसतं:

| वर्ष | वर्गणी | खर्च | वर्षअखेर शिल्लक |
|---|---|---|---|
| आज | – | – | ८.६० |
| १ | ६.३५ | – | १५.४७ |
| २ | ६.३५ | – | २२.७४ |
| ३ | ६.३५ | – | ३०.४६ |
| ४ | ६.३५ | – | ३८.६४ |
| ५ | ६.३५ | २९.४४ | १७.८६ |
| ६ | ६.३५ | – | २५.२९ |
| ७ | ६.३५ | – | ३३.१५ |
| ८ | ६.३५ | ४१.४४ | ०.०५ |

चौथ्या वर्षी शिल्लक ३८ लाखांच्या पुढे दिसेल आणि कुणीतरी नक्की म्हणेल, "एवढे पडून आहेत, क्लब हाऊसला एसी लावू." त्या दिवसासाठी हा तक्ता लॅमिनेट करून ऑफिसात टांगून ठेवा.

आता हा आकडा घरटी आणू. ६ लाख ३५ हजार भागिले २१,००० फूट भागिले १२ महिने, म्हणजे चौरस फुटाला महिन्याला २ रुपये ५२ पैसे. ६०० फुटांच्या फ्लॅटला १,५१२ रुपये, ९०० च्या फ्लॅटला २,२६८. पडताळणी करून घ्या: १४ लहान आणि १४ मोठ्या फ्लॅटचे महिन्याला ५२,९२० होतात, वर्षाला ६,३५,०४०. जमलं.

यात जुना सिंकिंग फंड धरलेला आहे. बिलावर लहान फ्लॅटला सिंकिंग फंड १५० आणि मोठ्या दुरुस्तीचा निधी १,३६२ असं दिसेल, मोठ्या फ्लॅटला २२५ आणि २,०४३. कालपर्यंत १५० भरणाऱ्या माणसाला हे दहापट आहे. ते लपवू नका. शेजारी दुसरा आकडा ठेवा: काहीच साठवलं नाही आणि लिफ्ट बदलायच्या वर्षी एकदम मागितले, तर घरटी सरासरी १ लाख ४८ हजार. तेही त्याच्या तीन वर्षं आधी बाहेरच्या कामासाठी एकदा सगळ्यांचा खिसा रिकामा करून झाल्यावर.

पायरी ५: सभा

वार्षिक सभेची नोटीस १४ दिवस आधी जाते. तिच्यासोबत वरचा तक्ता, लिफ्ट तपासणीचा अहवाल आणि आर्किटेक्टचा अंदाज जोडा. विषय "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे" यात ढकलू नका. पैशाचा ठराव असा झाला तर पहिला नाराज सभासद तो उपनिबंधकांकडे नेईल, आणि त्यात त्याचं काही चुकलेलं नसेल.

आमच्या सभेत तीन आक्षेप आले. तुमच्याकडेही हेच येतील.

पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकू: "मी आयुष्यात लिफ्टमध्ये बसले नाही, मी का भरू?" उपविधी इथे स्पष्ट आहेत. लिफ्टच्या देखभालीचा आणि चालवण्याचा खर्च त्या इमारतीतल्या सर्व सभासदांवर सारखा, कुणी वापरो न वापरो. काकूंना मी हे सांगितलं, त्यांना पटलं नाही, पण त्यांनी हात वर केला.

दुसरा आक्षेप मोठ्या फ्लॅटवाल्यांचा. देखभाल सारखी, मग बदलण्याचा खर्च क्षेत्रफळावर का? मोठ्या दुरुस्तीचा निधी क्षेत्रफळावर घ्यायचा हे उपविधींत आहे, पण त्यांचा मुद्दाही अगदीच चूक नाही. इथे भांडण्याआधी फरक मोजा. लिफ्टच्या ३ लाख ५४ हजारांपुरतं बघितलं तर सारख्या वाटणीत घरटी महिन्याला १,०५४ रुपये. क्षेत्रफळावर लहान फ्लॅटला ८४४, मोठ्याला १,२६५. वाद दोनशे-सव्वादोनशे रुपयांचा निघाला आणि दहा मिनिटांत संपला. जो मार्ग ठरेल तो ठरावात शब्दांत लिहा, नाहीतर पुढची कमिटी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा. "मी दोन वर्षांत फ्लॅट विकणार आहे. नवी लिफ्ट बघणारही नाही." फ्लॅट विकला तर भरलेली वर्गणी परत मिळत नाही, ती सोसायटीची होते. पण त्या गृहस्थांनी १६ वर्षं याच लिफ्टमधून सामान, सोफे आणि गणपती नेले. लिफ्ट झिजवली त्यांनीही. आणि विकताना गिऱ्हाईक हल्ली विचारतं, सोसायटीकडे फंड किती आहे.

ठरावात या गोष्टी असू द्या: दर आणि सुरू होण्याची तारीख, रक्कम कोणत्या कामांसाठी, स्वतंत्र खातं, व्याज त्याच निधीत जमा, आणि खर्च फक्त सर्वसाधारण सभेच्या ठरावाने. "कमिटीला योग्य वाटेल तसा" असं वाक्य कुणी घुसवलं तर खोडा.

पायरी ६: पैसे ठेवायचे कुठे

मेंटेनन्सच्या खात्यात ठेवू नका. वेगळं बचत खातं उघडा आणि दर महिन्याला, बिलं किती पाठवली त्यावर नाही तर वसुली किती झाली त्यावर, निधीचा हिस्सा तिकडे वळवा. तिमाहीला मुदत ठेव करा. ठेवींची मुदत पाचव्या आणि आठव्या वर्षाच्या जरा आधी संपेल अशी बसवा.

सोसायटीचा पैसा कुठे गुंतवायचा हे सहकार कायद्याच्या कलम ७० मध्ये आहे, त्याबाहेर जाऊ नका. म्युच्युअल फंडातला कुणी नातेवाईक कितीही दर सांगो. पण कलम ७० मध्ये बसते म्हणजे बँक बुडणार नाही असंही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध घातले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते, आणि अडकलेल्यांत गृहनिर्माण सोसायट्याही होत्या. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच आहे, मुद्दल-व्याज मिळून, त्या बँकेच्या कितीही शाखांत ठेवलं तरी. ३८ लाख पाच-पाच लाखांत विभागणं शक्य नसलं तरी तीन-चार बँकांत विभागता येतात. एकाच बँकेत, मॅनेजर ओळखीचे आहेत म्हणून, ठेवू नका.

पायरी ७: दर तीन वर्षांनी पुन्हा

हा तक्ता भाकीत नाही. भाववाढ ६ ऐवजी ८ टक्के निघाली तर आठव्या वर्षी लिफ्टच ४८ लाखांची होते, नुसत्या लिफ्टपुरतेच साधारण पावणेसात लाख कमी पडतात. म्हणून दर तीन वर्षांनी नवं कोटेशन मागवा, तक्त्यातला आकडा बदला आणि उरलेल्या वर्षांसाठी वर्गणी पुन्हा काढा. तिसऱ्या वर्षी लक्षात आलेली तूट घरटी महिन्याला काहीशे रुपयांत भरून निघते.

दुसरा धोका लिफ्ट लवकर जाण्याचा. समजा सहाव्या वर्षीच दोन्ही कुरकुरू लागल्या. त्या वर्षी दोन लिफ्टचे ३६ लाख ८८ हजार लागतील आणि हाताशी २५ लाख २९ हजार. साडेअकरा लाखांची तूट, घरटी ४१ हजारांच्या वर. पण एका लिफ्टला लागतात १८ लाख ४४ हजार, ते आहेत. जी जास्त वाईट ती आधी बदला, दुसरी तिच्या उतरवलेल्या सुट्या भागांवर दोन वर्षं काढते. दोन्ही एकाच कंपनीच्या आणि एकाच मॉडेलच्या असतील तर भंगारवाल्याला काही विकण्याआधी एएमसीवाल्याला कंट्रोलरची कार्डं काढून ठेवायला सांगा. तसंही दोन्ही एकदम बदलायला काढल्या तर कामाचे कित्येक आठवडे सातव्या मजल्यावरच्या आजोबांना जिनाच उरतो.

थकबाकीचा रकानाही तक्त्यात घाला. २८ पैकी ३ मोठ्या फ्लॅटवाल्यांनी भरलं नाही तर वर्षाला ८१ हजार कमी येतात, म्हणजे आमच्या जुन्या अख्ख्या सिंकिंग फंडापेक्षा जास्त. मी दर सहामाहीला नोटीस बोर्डावर एकच कागद लावतो: निधीत असायला हवे किती, ठेवींमध्ये आहेत किती. दोन आकडे, कुणाचं नाव नाही. पहिला कागद लागला त्या आठवड्यात दोन जुने चेक आले. तिसरा अजून यायचाय.